आबांना जोड

आबांनी फोन खलबत्त्यात घालून कुटला. मी आतल्या खोलीत ठकूला पाजत होते आणि बत्त्याचा आवाज ऐकून मला वाटलं, सासूबाई सुंठ कुटतायत. तीन घाव, थांबणं, पुन्हा तीन घाव, असा तो ताल. समोरच्या प्लॉटवर तळघरासाठी काळा खडक फोडणारं यंत्र दिवसभर चालू असतं. त्यामुळे आमच्या घरात कुठला आवाज कुठून येतो ते पटकन कळत नाही, सगळंच काहीतरी फुटत असतं. मग मध्येच काच कुरकुरल्यासारखं झालं आणि एक वास आला, जळक्या औषधाचा. ठकूनं तोंड काढून घेतलं. मी तिला तशीच छातीशी धरून बाहेर आले, तर स्वयंपाकघराच्या दारात आबा उभे, हातात लोखंडी बत्ता, आणि खलातून पांढरा धूर निघत होता. सासूबाईंनी, शालनबाईंनी, खिडकीतली तुळशीची कुंडी उचलली आणि अख्खी खलात पालथी केली. मुळं, माती, तुळस, सगळं. धूर मातीतून थोडा वेळ वर येत राहिला. आबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "मेला का?" त्यांच्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण दंड अजून असा की सदऱ्याची बाही तिथे अडते. फोन शेखरनं दिलेला, गेल्या दिवाळीत, त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. एक फोन मेला होता. वाकडातल्या बाकी सगळ्या फोनांत आबा अजून जिवंत होते, आणि तीच तर अडचण होती.

सिद्धेश हा आबांचा पुतण्या. लहानपणी वडील गेले तेव्हा आबांनीच त्याला तालमीत घातला, मातीत लोळवला, मोठा केला. आता तो चाकणला एका कंपनीत शिफ्टला जातो, आणि शिफ्ट नसली की तालमीत असतो. फोन त्याच्या हातात असा असतो जसा आमच्या ठकूच्या हातात कायम काहीतरी ओलं असतं. त्यानं एके सकाळी आबांचा व्हिडिओ काढला. आबा कमरेवर हात ठेवून पोरांना सांगत होते, "आमच्या टायमाला पाचश्ये जोर मारल्याबिगर पानी मिळत नव्हतं. तुमी वार्म-अप करता, पानी पिता, फोटू काढता आन घरी जाता." एवढंच. खाली सिद्धेशनं लिहिलं, "ओके बूमर", आणि मागे हसण्याचं संगीत लावलं. दोन दिवसांत ते कुठल्या कुठे गेलं. गंमत म्हणजे त्यात राग नव्हता. सिद्धेशचा आबांवर जीव आहे, तेव्हाही होता. चहाच्या टपरीवर, मेडिकलमध्ये, समोरच्या टॉवरच्या लिफ्टपाशी पोरं आबांना बघून हसून हात वर करायला लागली. "काय बूमर आबा, कसं काय?" आबा पण हात वर करायचे. त्यांना वाटलं, पदवी असेल काहीतरी, वस्तादसारखी.

मग त्यांनी मला विचारलं. सकाळची वेळ, पाटावर पाय पसरून बसलेले, आणि त्या पायांवर ठकू पालथी. तिला तेल आबाच लावतात. लावायचे. बाळंतपणानंतर मालिशवाली बाई दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी आबांनी तिला दारातून परत पाठवलं. म्हणाले, "आंग कसं रगडायचं ते मला शिकवती व्हय ही?" मी घाबरले होते. ज्या पंज्यांनी माणसं उचलून आपटली, त्यांत माझं सव्वातीन किलोचं पोर. पण ते पंजे तिच्या पाठीवर असे उतरायचे की तिला झोप लागायची. अंगठ्यानं मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली, तळव्यानं वर, आणि मानेपाशी आले की थांबायचे. "मानंत पैलवान असतो," ते म्हणायचे. "बाकी नुसतं मास." त्या सकाळी तेलकट बोटं ठकूच्या खांद्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "सूनबाई, बूमर म्हंजी काय गं?"

मी खरं होतं तसं सांगितलं. म्हटलं, महायुद्ध संपलं, मग अमेरिकेत खूप मुलं झाली, एकदम लोंढा आला मुलांचा. साधारण चौसष्ट सालापर्यंत. त्या पिढीला ते नाव. आबांनी बोटांवर मोजलं. "मी एकसष्टचा. पानशेत फुटलं तवा मी पाळण्यात. म्हंजी बसतो की मी त्येच्यात." मी म्हटलं, "सालानं बसता आबा, पण तुम्ही अमेरिकेतले कुठे." "मंग शिवी हाय का ती?" "शिवी नाही." "मंग लोकं हसत्यात कशापायी?" मी म्हटलं, आता तो अर्थ राहिला नाही आबा, वय कुणी बघत नाही. कुणी जुनं काही सांगायला लागलं की म्हणतात. "आन म्हनल्यावर काय व्हतं?" काय होतं, याचा मी विचार केला. म्हटलं, "काही नाही. बोलणं संपतं." आबांनी ठकूला उताणं केलं, तिच्या पोटावर तळवा ठेवला. "म्हंजी मी खोटं बोललो, असं न्हाई म्हनत त्ये." "नाही." "मी काय बोललो, त्येच ऐकायची गरज न्हाई, असं म्हनत्यात." मी हो म्हटलं नाही. पण मान हललीच असेल. ठकू त्यांच्याकडे बघून बोळकं दाखवून हसली.

मला तेव्हा आमची चाकणची कंपनी आठवली. ठकूच्या आधी मी तिथे एचआरमध्ये होते. वर्षातून एकदा शॉपमधल्या सगळ्या कामगारांना एका हॉलमध्ये बसवून सांगायचं, काय बोलायचं नाही. जातीवरून नाही, कायदा आहे. धर्मावरून नाही. बाईला बाई म्हणून नाही. कुणाच्या पायावरून, डोळ्यावरून नाही. एकदा मागच्या रांगेतून एक पिकल्या मिशांचे सुपरवायझर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, आन वयावरून?" अख्खा हॉल हसला. मीसुद्धा हसले, कारण त्यांनी ते गमतीनंच विचारलं होतं, किंवा तसं दाखवलं होतं. मी पडद्यावर दाखवत होते त्या यादीत त्याबद्दल काही नव्हतं. नंतर चहाच्या वेळी मी स्वतःशी विचार केला की का नसावं. जातीवरून बोलणारा कधी त्या जातीचा होणार नसतो. पुरुष उद्या बाई होणार नसतो. तो पलीकडच्या काठावर कायमचा सुरक्षित उभा राहून दगड मारतो, म्हणून त्याला आवरायला कायदा लागतो. थेरडा म्हणणारा मात्र त्याच रस्त्यानं येतोय. नशीब चांगलं असेल तर पोचेल. म्हणून कुणाला ते पाप वाटत नाही, आपल्याच घराला आपण नावं ठेवावीत तसं वाटतं. पण ज्याला लागतं त्याला हे गणित काय कामाचं? मारणाऱ्याला चाळीस वर्षांनी तोच दगड बसेल, तेव्हा हा बघायला नसतो.

माझे वडील, उद्धवराव, बीडकडून आले आणि तीस वर्षं प्रेस शॉपला राहिले. त्यांना काय काय बोललेलं मी ऐकलंय. "ए मराठवाडा", "दुष्काळी". एकदा फोरमननं आईवरून शिवी दिली, तर पप्पांनी जेवणाचा डबा त्याच्या तोंडावर मारला, फोरमनच्या नाकाचं रक्त आणि आमची मेथीची भाजी एकत्र जमिनीवर. संध्याकाळी दोघं एकाच बसनं घरी आले. शिवीला तसं असतं, तिला उत्तर असतं, देणंघेणं फिटतं. पण रिटायर व्हायच्या आधीच्या वर्षी एका नव्या पोरानं त्यांच्या हातातून डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, काढून घेतला आणि प्रेमानं म्हणाला, "काका, तुम्ही बसा. आम्ही करतो." त्या दिवशी पप्पा सांगवीच्या घरी आले आणि जेवले नाहीत. आईनं विचारलं, कुणी काही बोललं का. ते म्हणाले, "नाही ना. कुणीच काही बोललं नाही." मी तेव्हा कॉलेजात होते, मला वाटलं पोट बिघडलं असेल.

आबांना यापैकी कुठलीच शिवी आयुष्यात कधी लागली नव्हती, हेही खरं सांगायला हवं. गावचे, जमिनीचे, पुरुष, पैलवान. जातीवरून त्यांना कोण बोलणार? त्यांनी मात्र कुणाकुणाला बोललेलं असणार, एका पिढीपूर्वी, सहज, धार काढता काढता. गावात शिव्यांचा उतार आबांकडून खाली वाहायचा. पोरांनाही ते तसंच बोलत. सिद्धेशला तर रोज. "ओठावरचं दूध वाळलं न्हाई आन मला डाव सांगतो." ही पण वयावरचीच शिवी. पण सिद्धेश ती खाऊन हसायचा, कारण दूध वाळणार असतं. रोज थोडं वाळतं. लहान असण्याचा अपमान आपोआप उतरतो, काही करावं लागत नाही, फक्त जगावं लागतं. मोठ्याचा अपमान जगल्यानं वाढतो. तोच एक दगड असा होता की जो खालून वर जाऊन आबांना लागला, आणि त्यांच्याकडे त्याच्यासाठी ढालच नव्हती.

त्यांनी सगळं करून बघितलं. टपरीवर एका पोराची कॉलर धरली, तर दुसऱ्यानं ते टिपलं, आणि संध्याकाळी नवा व्हिडिओ, "बूमर तापला". मग ते गप्प राहायला लागले. पोरं एकमेकांना म्हणायची, "मशीन लावलं नाही वाटतं कानाला." मग एकदा ते जोरात हसले, पोरांसारखं, हात वर करून स्वतःच म्हणाले, "काय भावा, बूमर आलाय." ते मी बाल्कनीतून बघितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, लहान मुलानं पहिलं पाऊल टाकल्यावर वाजवतात तशा. चिडलं की म्हातारा, गप्प बसलं की म्हातारा, हसलं की गोड म्हातारा. तिन्ही दारांना बाहेरून कडी. त्यानंतरच्याच दुपारी खलबत्ता वाजला. आणि त्या रात्री सिद्धेश आला, मातीत पुरलेला फोन बघून आधी हसला, मग घाबरला. "आबा, लाडानं म्हणतोय ओ. डिलीट करू का?" आबा म्हणाले, "तुज्या एकट्याकडं हाय का त्ये?" सिद्धेश त्यांच्या पायाशी बसून राहिला आणि आबा त्याच्या डोक्यावरून पलीकडे भिंतीकडे बघत राहिले. त्यांच्या हातांच्या मुठी मिटत होत्या, उघडत होत्या, ठकूच्या झोपेत मिटतात-उघडतात तशा.

चैत्रात गावचा उरूस असतो. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले तरी देवळामागचा आखाडा राहिलाय. तिथली लाल माती हळद, ताक आणि तेल घालून मळतात, पीठ मळावं तशी. बायकांनी खाली जायचं नाही, म्हणून आम्ही सगळ्या पाटलांच्या गच्चीवर. मी ठकूला कडेवर घेतलं होतं. तिला हलगी आवडली, प्रत्येक थापेला ती माझ्या मानेवर मूठ मारत होती. आखाड्याची रीत अशी की ज्याला लढायचंय तो लंगोट लावून, हात वर करून, कडेनं फेरी मारतो. तो जोड मागत असतो. कुणी येऊन त्याचा हात धरला की जोड लागली. दोघांत वजनाचा, अंगाचा मेळ आहे की नाही ते वस्ताद बघतो. तीसेक वर्षं ते काम आबांचं. पांढरा फेटा बांधून ते मध्ये उभे राहायचे आणि पोरांचे दंड चाचपून सांगायचे, लागली, नाही लागली. "वय इचारू नगा," ते म्हणायचे, "आंग इचारा. वय खोटं बोलतं." त्या दिवशीही ते तसेच उभे होते. शेवटची कुस्ती झाली, लोक उठायला लागले, तेव्हा आबांनी फेटा काढला. मग सदरा. शेजारची बाई मला म्हणाली, "अगं, तुझ्या सासऱ्याला गरम व्हतंय का?" मग धोतर गुंडाळलं, खाली लंगोट होता. ते सकाळीच घालून आले होते. छातीवरचे केस पांढरे, पोट किंचित सुटलेलं, मांड्या मात्र दगडाच्या. त्यांनी शड्डू ठोकला. मांडीवर पंजा बसल्याचा तो आवाज गच्चीपर्यंत आला. आणि हात वर करून त्यांनी फेरी सुरू केली.

आधी टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, मानाची फेरी. मग कळलं की ते जोड मागतायत आणि टाळ्या विरल्या. ते एकेका पैलवानासमोर थांबायचे, हात पुढे करायचे. समोरचा वाकून त्यांच्या पायाला हात लावायचा आणि बाजूला व्हायचा. पुढचा, तसाच. तिसऱ्यानं तर डोकंच पायावर ठेवलं. एवढा मान. मी वरून बघत होते आणि मला वाटत होतं, कुणीतरी यांना एक थोबाडीत द्या. कुणीतरी यांना आईवरून शिवी द्या. कुठूनतरी मागून एक बारीक आवाज आला, "बूमर, घरी चला", आणि हसण्याची एक लाट आखाड्याच्या अख्ख्या कडेवरून फिरली, अजिबात दुष्ट नसलेली. फोन वर झाले. आबांचा हात वर तसाच होता. दुसरी फेरी लागली. सासूबाईंनी माझ्या दंडात नखं रुतवली. तेव्हा सिद्धेश उठला, शर्ट काढला आणि येऊन तो हात धरला. लोक वेडे झाले. हलगीवाला बेफाम वाजवायला लागला. मला वाटलं, झालं, सुटका झाली.

पुढचं मी बघितलं ते वरून, आणि खाली काय बोलणं झालं ते नंतर सिद्धेशनं सांगितलं. पहिला थोडा वेळ खरी झोंबी झाली, कपाळाला कपाळ, मानेवर पंजे. आबा दमले नव्हते. मग आबांनी त्याच्या पायाला हात घातला आणि सिद्धेश गेला. नुसता गेला, उतारावरून घागर जावी तसा. वस्तादाची पाठ मातीला लावायची नाही, हे त्याला आबांनीच शिकवलेलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यानं ठरवूनच हात धरला होता की आपण पडायचं. लोकांना हवं तेच मिळालं, म्हाताऱ्यानं पोराला पाडलं. आबा त्याच्यावर होते, एक पंजा त्याच्या मानेवर. आणि ती मान सैल होती. ज्या मानेला त्यांनी अठरा वर्षं तेल लावलं, ओझी लावली, जिच्यावर ते स्वतः उभे राहिले होते, तिच्यात त्यांच्याविरुद्ध काहीच नव्हतं. "ताकद लाव," आबा म्हणाले. सिद्धेश मातीत तोंड घालून कुजबुजला, "घ्या आबा. संपवा. लोकं खूश हायत." "ताकद लाव की रं." "आबा, तुमचंच हाय ओ." वरून मला एवढंच दिसलं की आबा त्याला उताणा करत नाहीयेत. कुस्ती जिंकल्यात जमा होती, पंच हात वर करायला पुढे आलेला होता, आणि आबांनी त्याचा उजवा हात मागे ओढला, कोपरापासून वर, अजून वर. सिद्धेशची टाच मातीत आपटायला लागली, तेव्हा कुठे त्याच्या मानेच्या शिरा उठल्या, तेव्हा कुठे त्यानं खरी ताकद लावली, आणि आबांचा चेहरा एका क्षणासाठी उजळला. मी तो बघितलाय. असा चेहरा मी त्यांचा ठकूला पहिल्यांदा हातात घेताना बघितला होता. मग हाड मोडलं. ओली फांदी मोडावी तसं नाही, सुकी मोडावी तसं. हलगी थांबली होती म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. ठकू माझ्या कडेवर दचकली आणि रडली नाही. तिनं माझ्या ब्लाउजचा काठ तोंडात घातला आणि चावत राहिली.

पिंपरीला एका दवाखान्यात हातात सळई घातली. पोलीस विचारायला आले तेव्हा सिद्धेश म्हणाला, "कुस्तीत मोडला. कुस्ती हाय, मोडतो." चाकणचं काम बंद झालं, पुन्हा मिळेल की नाही कोण जाणे. त्याची आई, पूनमकाकू, दुसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन उभी राहिली. चालत आली होती, केस सुटलेले, आणि तिच्या तोंडात किती शिव्या भरल्यात ते तिच्या गालांवरून दिसत होतं. आबा उठून उभे राहिले. मान खाली, हात खाली. ते मार खायला उभे राहिले होते, मला स्पष्ट कळलं. मला वाटतं ते त्याची वाटच बघत होते. पूनमकाकूनं त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ. सासूबाईंनी आतून आणलेलं पाणी तिनं घेतलं नाही. आणि मग तिच्या गालांतलं सगळं गळून गेलं. "जाऊ द्या," ती सासूबाईंना म्हणाली, आबांना नाही. "म्हातारं मानूस. डोकं फिरतं ह्या वयात." आणि गेली. आबा भिंतीला धरून खाली बसले. सगळे तेच म्हणत होते. शेखर म्हणाला, साठी बुद्धी नाठी, डॉक्टरला दाखवू. तालमीतल्या पोरांनी व्हिडिओ आपणहून काढून टाकले, आबांचं नाव निघालं की आवाज खाली करायचे. सिद्धेशनं निरोप पाठवला की आबांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. आबांना माफी मागायची होती आणि समोर कुणी उरलं नव्हतं. मागायच्या आधीच सगळ्यांनी देऊन टाकली होती, ताटात उरलेलं गाईला घालावं तशी. जे त्यांनी पूर्ण ताकदीनिशी, पूर्ण शुद्धीत केलं, तेही त्यांचं ठेवलं नाही. तेही वयाच्या नावावर गेलं.

मग आबा खरोखर म्हातारे व्हायला लागले. कप बशीत वाजायला लागला. पायरी उतरताना ते माझा खांदा शोधायचे. कुठूनशी एक काठी आली. मी ठकूला तेल आता स्वतः लावत होते, आतल्या खोलीत, दार लावून. हे कुणी ठरवलं नव्हतं. ठकू मात्र दाराकडे मान वळवायची, तिच्या अंगाला दुसरे हात माहीत होते, आणि मी तिच्या पाठीवर बोटं फिरवताना मला ते हाड ऐकू यायचं. तिची हाडं तर अजून हाडंही नाहीत. दुधाची आहेत. कधीकधी समोरचं यंत्र खडकावर बसायचं आणि मी तिला अंगाखाली झाकून घ्यायचे, छत पडत असल्यासारखी.

एका सकाळी सासूबाई देवळात गेल्या होत्या, शेखर कामावर. मी तेलाची वाटी कोमट करून आणली, तर आबा पाटाजवळ बसलेले, काठी आडवी ठेवून. ठकू माझ्या हातातून त्यांच्याकडे झेपावली. मी तिला आवरलं. आबांनी ते बघितलं. ते हसले, नवं शिकलेलं ते हसणं, सगळे दात दाखवणारं, आणि दोन्ही पंजे पुढे करून मला दाखवले. पंजे थरथरत होते. "नगं देऊ," ते म्हणाले. "हात कापत्यात मपलं. म्हातारा झालो." मी त्या पंज्यांकडे बघत राहिले. पहाटे याच हातांनी त्यांनी गॅसचं भरलेलं सिलेंडर मागच्या दारातून आत आणलेलं मी बघितलं होतं, एका हातानं, कुणी नाही असं समजून. मला दोन वाक्यं सुचली. पहिलं असं होतं, असं काय म्हणता आबा, तुम्ही कुठे म्हातारे. तेही सिद्धेशसारखं पडणंच झालं असतं. मी ठकूला घट्ट धरलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला.

"हात कापत नाहीयेत तुमचे," मी म्हटलं. "आणि म्हातारे झालात म्हणून मी देत नाहीये असं नाही. तुम्ही सिद्धेशचा हात मोडलात. तो पडला होता, कुस्ती संपली होती, आणि तुम्ही ठरवून मोडलात. मी गच्चीवरून तुमचं तोंड बघितलंय. तुमचं डोकं फिरलं नव्हतं. मला तुमची भीती वाटते आबा. तुमच्या वयाची नाही."

खडकावरचं यंत्र थांबलेलं होतं की चालू होतं, मला आठवत नाही. मला वाटलं ते आता काठी उचलतील. आमच्या घरात सुनेनं असं कधी बोललेलं नाही, मीही नाही. ठकूला माझ्या छातीचे ठोके लागले असणार, ती मान उंच करून माझ्याकडे बघायला लागली. आबांचे पंजे हवेत तसेच होते आणि बघता बघता त्यांची थरथर थांबली. पाण्यावरचा वारा पडतो तशी. त्यांनी ते हळूच मांडीवर ठेवले. डोळे माझ्यावर आले, भिंतीवर नाही, पलीकडे नाही. आखाड्यात दंड चाचपताना बघायचे तसे.

"व्हय," ते म्हणाले. "मोडला. ठरवून मोडला." आवाज जुना होता, तालमीतला. "पडला त्यो. मला बघून पडला. त्यानं मला पाडलं असतं तर मी त्येला खांद्यावर घिऊन नाचलो असतो." त्यांनी आडवी काठी मागे सारली. "पर पोराचा हात गेला. त्यो काय वयानं गेला न्हाई, मी घालवला. कुनी म्हननाच गं मला." त्यांचं नाक वाहायला लागलं, त्यांनी ते पुसलं नाही. मी म्हटलं, "मी म्हणतेय ना." "तू म्हनती," ते म्हणाले. "मंग पोरगी नगं देऊस. बरूबर हाय तुजं."

मी पाटावर बसले, पाय पसरले, ठकूला पालथी घेतलं. दार उघडंच होतं. आबा चार हात अंतरावर, पुढे सरकले नाहीत. मी पाठीवर तेल सोडलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आंगठा मनक्यावर नगं. बाजूनं." मी बाजूनं घेतलं. "हां. आता मान. दाबू नगं, नुसता तळवा ठिव आन तिला उचलू दे." मी तळवा ठेवला. ठकूनं मान उचलली, माझ्या हाताविरुद्ध, लाल होऊन, हुंकार देत, सगळ्या अंगानिशी. तिला समोरच्याचं वय दिसत नव्हतं, माझंही नाही. आबांनी एक बोट पुढे केलं, जमिनीवरून, माझ्याकडे बघून. मी नाही म्हटलं नाही. ठकूनं ते तेलकट मुठीत पकडलं आणि ओढलं. त्यांनी सोडलं नाही, आणि स्वतःहून दिलंही नाही. त्यांच्या मनगटाची शीर उठलेली मला दिसली. ती ओढत राहिली, ते धरून राहिले, आणि तिला राग येऊन ती किंचाळली तरी आबा पडले नाहीत.

नंतर त्यांनी पाय धुतले, काठी कोपऱ्यात उभी केली आणि चप्पल घालून पूनमकाकूच्या घराकडे निघाले. दारातून मागे न बघता म्हणाले, "तिथं काय म्हनू?" मी म्हटलं, "मला सांगितलंत तेच. आणि माफ करा म्हणू नका आधी. त्यांना आधी बोलू द्या. त्या म्हातारं माणूस म्हणाल्या तर उठू नका." समोरच्या प्लॉटवरचं यंत्र पुन्हा खडकावर बसलं, आणि ते त्या आवाजातून ताठ चालत गेले.

दुपारी आले तेव्हा त्यांच्या डाव्या गालावर चार बोटं उठली होती. जेवताना त्यांनी तिसरी भाकरी मागून घेतली.